भाषांतरित चाचणी आणि खानदेशातलं मूल

(जळगाव इथं दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

गेली बरीच वर्षं मी जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतल्या मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेते आहे. म्हणजे आज जी टीका मी करणार आहे ती आधी माझ्यावर आहे, हे लक्षात ठेवून ऐका. चाचणीतले खरे प्रश्न मी इथं सांगणार नाही, कारण प्रश्न फुटले की चाचणीचा उपयोग संपतो. त्यांच्यासारखे, मी रचलेले प्रश्न सांगेन.

सुरुवात एका मुलापासून करते. हा एक मुलगा नाही, मी पाहिलेल्या बऱ्याच मुलांची मिळून केलेली गोष्ट आहे. चोपडा तालुक्यातला, सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा. घरात पावरी बोलतात. आश्रमशाळेत चौथीत नाव आहे. वाचता येत नाही, वर्गात गप्प बसतो. गुरुजींनी लिहून दिलं, ‘आकलन कमी, तपासणी व्हावी.’ मुलगा काकाबरोबर तीन तास प्रवास करून येतो, अनोळखी खोलीत बसतो, आणि मी त्याला मराठीत प्रश्न विचारायला लागते. पाऊण तासाने माझ्याकडे एक आकडा असतो. अडुसष्ट. सत्तरच्या खाली. आता हा अडुसष्ट कशाचा आहे, एवढंच आज बघायचं.

आपल्याकडे अजूनही सगळ्यात जास्त वापरतात ती बिने-कामत चाचणी. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पहिली मोजपट्टी केली, ती पॅरिसच्या शाळांतल्या मुलांसाठी. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ मध्ये ती तिथल्या मुलांवर बसवली. आणि आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी ती कानडी आणि मराठी मुलांसाठी केली. त्यांचा निबंध १९३४ चा, पुस्तक १९४० चं.

कामतांच्या कामाला लोक सरसकट ‘भाषांतर’ म्हणतात, ते बरोबर नाही. बिनेच्या पद्धतीत प्रत्येक प्रश्नाला एक वय असतं. ‘हा सात वर्षांचा प्रश्न’ असं म्हणतो, तेव्हा अर्थ एवढाच की सात वर्षांच्या बहुतेक मुलांना तो जमतो आणि सहाच्या बऱ्याच मुलांना जमत नाही. हे वय प्रश्नात लिहिलेलं नसतं, मुलांना विचारून काढावं लागतं. फ्रेंचमधला सात वर्षांचा प्रश्न मराठीत आणला की तो सातचाच राहील याची काही हमी नाही. सहाचा होईल, नऊचा होईल. म्हणून कामतांनी प्रश्न आपल्या मुलांना विचारले, आकडे पाहिले आणि त्यावरून मोजपट्टी बांधली. चाचणी दुसऱ्या भाषेत नेणं म्हणजे हे काम. शब्द बदलणं हा त्यातला सोपा भाग.

मग अडचण कुठं आहे? अडचण माझ्या खोलीत आहे. मुलगा गप्प राहिला की मी बरोबर आलेल्या काकाला म्हणते, ‘दादा, याला तुमच्या भाषेत विचारा बरं.’ काका विचारतो. काय विचारलं, मला कळत नाही. मुलगा काहीतरी बोलतो, काका मला मराठीत सांगतो. आणि मी त्या उत्तराला कामतांच्या मराठी मुलांचं वय लावते. हे तिसरं भाषांतर. पहिली दोन कागदावर झाली, तपासता येतात. हे हवेत होतं, याची नोंद कुठंच राहत नाही आणि अहवालात एक ओळसुद्धा येत नाही. माझ्या सुरुवातीच्या अहवालांतही ती नव्हती.

तुम्ही म्हणाल, साध्या प्रश्नात काय एवढा फरक पडणार? तर अगदी साधा प्रकार घेऊ. आकडे पाठोपाठ सांगायचे, मुलानं ते त्याच क्रमानं परत म्हणायचे. याहून निर्दोष काय असेल! भाषा नाही, संस्कृती नाही, नुसते आकडे. पण वेल्समध्ये असं दिसलं की वेल्श भाषेत चाचणी दिलेल्या मुलांचे आकडे इंग्रजी मुलांपेक्षा कमी येत होते. एलिस आणि हेनेली यांनी १९८० मध्ये त्याचं कारण शोधलं. वेल्श आकडे उच्चारायला जास्त वेळ लागतो. आपण ऐकलेलं मनात घोळवून धरून ठेवतो, आणि घोळवायला वेळ जास्त लागला की कमी आकडे धरले जातात. दोन्ही भाषा बोलणाऱ्यांचाही आवाका वेल्शमध्ये कमी पडायचा. म्हणजे कमी बुद्धी कुणाची नव्हती, शब्द लांब होते.

आता मराठीचे आकडे म्हणून बघा. एक, दोन, तीन, चार, पाच. एकेका दमात होतात. कानडीत ओंदु, एरडु, मूरु, नालकु, ऐदु. जवळजवळ दुप्पट लांबी. पाच आकडे दोन्ही भाषांत पाचच, पण ओझं सारखं नाही. तरी दोन्ही भाषांतल्या मुलांना एकाच नावाची चाचणी लागते.

आणि शहरातलं मूल यातून सुटतं असं नाही. जळगावच्या इंग्रजी शाळेतलं मूल घरी लेवा बोली बोलतं, आजीशी तर तीच. पण एकोणतीस म्हणजे किती हे त्याला माहीत नसतं, त्याला ‘ट्वेंटी नाइन’ कळतं. हिशेब इंग्रजीत, भांडण बोलीत, टीव्ही हिंदीत. मराठी चाचणी द्या, इंग्रजी द्या, दोन्हीत ते अर्धं अर्धंच सापडतं. जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या उर्दू शाळांतल्या मुलांना आपण ‘हिंदी चालेल की’ म्हणून हिंदी प्रत देतो, तिथंही हेच.

दुसरा प्रकार साम्य सांगण्याचा. ‘विळा आणि कुऱ्हाड यांत सारखं काय आहे?’ हा माझा प्रश्न. नागपूरला माली­न यांनी वेक्सलर चाचणीचं भारतीय रूप केलं, तीही आपल्याकडे भरपूर वापरतात. त्या घराण्यात अशा उत्तरांना दोन, एक, शून्य असे गुण असतात. ‘दोन्ही अवजारं’ म्हटलं तर दोन. ‘दोन्हींनी कापतात’ म्हटलं तर एक. आणि आमचा पाड्यावरचा मुलगा म्हणतो, ‘सारखं नाही. विळ्यानं गवत, कुऱ्हाडीनं लाकूड.’ शून्य.

इथं दोन गोष्टी एकात एक अडकल्या आहेत. एक शब्दाची. ‘साम्य’ म्हटलं तर तो पुस्तकी शब्द त्यानं ऐकलेला नाही. ‘सारखं’ म्हटलं तर त्याला वाटतं, या दोन वस्तू एकच आहेत का असं विचारतायत. तो प्रामाणिकपणे सांगतो, नाहीत. दुसरी गोष्ट शाळेची. लुरिया नावाचे रशियन मानसशास्त्रज्ञ १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानात गेले होते. निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी हातोडा, करवत, ओंडका आणि कुऱ्हाड दाखवून विचारलं, यातलं वेगळं कुठलं? शेतकरी म्हणाले, काहीच वेगळं नाही, ओंडका नसेल तर करवत काय कामाची! थोडीशी शाळा झालेले लोक मात्र पटकन ओंडका बाजूला काढायचे. वस्तूंना वर्गाचं नाव देऊन एकत्र टाकणं ही शाळेनं लावलेली सवय आहे. पाळीव प्राणी, फळभाज्या, अवजारं हे तक्ते वर्गाच्या भिंतीवर असतात. ज्याच्या आईबापांनी दिवाळीनंतर कामासाठी गुजरातेत जाताना त्याला बरोबर नेलं, त्यानं तो तक्ता अर्ध्या वर्षापुरताच पाहिला.

शाळेचा परिणाम किती, यावर रिची आणि टकर-ड्रोब यांनी २०१८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित हिशेब मांडला. शाळेच्या एका जादा वर्षामागे बुद्ध्यांकात साधारण एक ते पाच गुणांची वाढ दिसते. ते अभ्यास आपल्या पाड्यांवरचे नाहीत, म्हणून आकडा इकडे जसाच्या तसा चिकटवू नका. पण पटावर चौथी आणि प्रत्यक्षात दोन वर्षांची हजेरी असलेल्या मुलाला चौथीच्या मुलांशी ताडून बघणं म्हणजे काय, ते यावरून कळेल.

आता त्या अडुसष्टकडे येऊ. थोडं गणित आहे, पण पाचवीचं आहे.

टर्मनच्या १९१६ च्या बांधणीत दहाव्या वर्षापर्यंत दर वर्षाचे सहा प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाचे दोन महिने मिळतात. कामतांची चाचणी त्याच घराण्यातली. आपल्या मुलाला पाच वर्षांपर्यंतचं सगळं जमलं, म्हणजे साठ महिने. सहाव्या वर्षाचे पाच प्रश्न जमले, दहा महिने. सातव्याचे तीन, सहा महिने. आठव्याचे दोन, चार महिने. नवव्याचा एक, दोन महिने. दहाव्याचा एकही नाही. बेरीज ब्याऐंशी महिने. हे त्याचं मानसिक वय. दाखल्याप्रमाणे त्याचं वय बरोबर दहा वर्षं, म्हणजे एकशेवीस महिने. ब्याऐंशी भागिले एकशेवीस गुणिले शंभर. अडुसष्ट.

आता एकच प्रश्न आणखी जमला असता तर? चौऱ्याऐंशी भागिले एकशेवीस, बरोबर सत्तर. म्हणजे रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे एका प्रश्नावर आलं. आणि न जमलेल्या प्रश्नांत एक होता उजवा-डावा ओळखण्याचा. ‘उजवा कान दाखव.’ तो बघत राहिला. नंतर मी म्हटलं, ‘जेवायच्या हाताकडचा कान कुठला?’ लगेच दाखवला. ‘उजवा’ हा शब्द त्याला येत नव्हता, उजवी बाजू येत होती. पण नियमाप्रमाणे मी शब्द बदलू शकत नाही, म्हणून तो शून्यच.

हा झाला अंश. छेद तर आणखी गमतीचा आहे. दाखल्यावर जन्मतारीख काय? १ जून. इथं बसलेल्यांपैकी किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो? बघा, हात वर येतायत, हसू नका. जन्माची नोंद नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून टाकतात, आणि वर्ष असं टाकतात की पहिलीत बसेल. आपल्याला त्यानं निवृत्तीची तारीख मिळते, बाकी काही बिघडत नाही. पण या मुलाच्या भागाकारात ती तारीख खाली बसलेली आहे. मी काकाला विचारलं, हा झाला तेव्हा भोंगऱ्या बाजार होऊन गेला होता का? मोठी बहीण तेव्हा चालत होती का? धाकटा किती पावसाळ्यांनी झाला? असं करत करत वय निघालं नऊ वर्षं तीन महिने. एकशे अकरा महिने. आता ब्याऐंशी भागिले एकशे अकरा, आणि आकडा येतो चौऱ्याहत्तर. मुलगा तोच, उत्तरं तीच, खोली तीच.

पुढे, न जमलेल्यांपैकी तीन प्रश्न नीट समजावून पावरीत विचारले आणि ते जमले असं धरू. अठ्ठ्याऐंशी महिने. खऱ्या वयानं भागले तर एकोणऐंशी. म्हणजे अडुसष्ट ते एकोणऐंशी असा पट्टा आहे आणि आपण त्यातलं खालचं टोक शाई लावून अहवालात लिहितो.

या आकड्यानं होतं काय, तेही सांगते. बौद्धिक अक्षमतेची टक्केवारी केवळ बुद्ध्यांकावर ठरत नाही, ती सामाजिक परिपक्वतेच्या व्हाइनलँड मोजपट्टीवर ठरते, हे बऱ्याच शिक्षकांना माहीत नसतं. पण सत्तरच्या खालचा आकडा एकदा कागदावर आला की पुढच्या सगळ्यांची नजर ठरून जाते. उलट बाजूनं, २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेची तपासणी पुढे न्यायला बुद्ध्यांक पंच्याऐंशीच्या वर लागतो असं ठेवलं होतं. आमच्या मुलाला खरोखरच वाचनाची अडचण असेल, तर या पायरीवर तो गळतो. चौऱ्याहत्तरवाला मुलगा इकडचाही नाही, तिकडचाही नाही.

यावर लोक म्हणतात, मग शब्दांच्या चाचण्या सोडा, ठोकळे द्या, आकृत्या द्या. माझंही तरुणपणी असंच मत होतं. सर्पेल नावाच्या संशोधकांनी १९७९ मध्ये एक छान अभ्यास प्रसिद्ध केला. झांबियातली आणि इंग्लंडमधली मुलं घेतली, त्यांना नमुना पाहून तसाच बनवायला सांगितला. कागद-पेन्सिलनं काढायला सांगितलं तेव्हा इंग्लंडची मुलं पुढे. तारेनं बनवायला सांगितलं तेव्हा झांबियाची पुढे, कारण तिथली मुलं तारेच्या गाड्या करून खेळतात. मातीत दोघं सारखी. ‘शब्दाविना’ म्हणजे ‘सवयीविना’ नव्हे.

आपल्या देशात हे ज्यांनी ओळखलं ते चंद्रमोहन भाटिया. १९५५ मध्ये त्यांची कृतिचाचणी आली. त्यांनी शिकलेल्या मुलांसाठी एक कोष्टक दिलं आणि न शिकलेल्यांसाठी वेगळं. मला हा फार प्रामाणिकपणा वाटतो. ठोकळ्यांच्या चाचणीतही शाळा शिरते, हे त्यांनी कोष्टकातच कबूल केलं. पण ती चाचणी अकरा ते सोळा वर्षांच्या, उत्तर प्रदेशातल्या, फक्त मुलग्यांवर बसवलेली आहे. आमचा मुलगा नऊ-दहाचा. मुलींचं तर नावच नाही. आणि वय जुळलं असतं तरी पटावर चौथी, हजेरी निम्मी, अक्षर येत नाही, अशा मुलाला कुठलं कोष्टक लावू? शिकलेला की न शिकलेला? मी कुठलं पान उघडते यावर त्याचा बुद्ध्यांक ठरणार.

एक उलटा मुद्दा राहिला, तो सांगितला नाही तर माझं बोलणं एकतर्फी होईल. जुनी मानकं आकडे नेहमी कमीच दाखवतात असं नाही. जेम्स फ्लिन यांनी दाखवलं की अनेक देशांत चाचण्यांवरचे गुण पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेले, दर दहा वर्षांना साधारण तीन या वेगानं. म्हणून वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीची मूळ प्रत १९४९ ची असली तरी नवी मानकं १९७४, १९९१, २००३, २०१४ अशी येत राहिली. आपण १९३० च्या दशकातल्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना करतो. त्यामुळे शहरातल्या, घरात पुस्तकं असलेल्या मुलाचा आकडा फुगतो. आईवडील खूश होतात, आणि ज्याला खरी मदत हवी ते मूल ‘सर्वसाधारण’ ठरून घरी जातं. काही सहकारी म्हणतात, बघा, भाषेनं कमी होतं, जुन्या मानकानं वाढतं, फिटंफाट. फिटंफाट कशी होईल? वाढ एका मुलाच्या पदरात पडते आणि घट दुसऱ्याच्या.

आता मी हल्ली काय करते ते सांगते. आधी चाचणी ठरल्या नियमानं पूर्ण घ्यायची, शब्द न बदलता. तो आकडा वेगळा लिहायचा. मग थोडं खाणंपिणं झालं की न जमलेल्या प्रश्नांकडे परत जायचं, दुसऱ्या फेरीत. या वेळी मुलाची भाषा वापरायची, सरावाचा एखादा प्रश्न द्यायचा, हवं तर खऱ्या वस्तू हातात द्यायच्या. दुसऱ्या फेरीत जे जमलं ते पहिल्या आकड्यात मिसळायचं नाही. पण ते काय होतं आणि कशी मदत दिल्यावर जमलं, ते अहवालात लिहायचं. फरक मोठा असेल तर पहिला आकडा भाषेचा आहे असं समजायला जागा आहे. दुसऱ्या फेरीतही तिथंच अडलं आणि घरचे म्हणतात की घरच्या भाषेतही हा उशिरा बोलला, सांगितलेली दोन कामं विसरतो, बरोबरीच्यांच्या खेळात मागे पडतो, तर मग आपण वेगळ्या शंकेकडे जायला हवं. भाषेचं कारण पुढे करून खरी अडचण झाकली, असंही माझ्या हातून झालेलं आहे.

दुभाष्याची गोष्ट सगळ्यात नाजूक. काका प्रेमानं मदत करतो. आकडे दोनदा म्हणतो, चुकीच्या उत्तरावर भुवया उंचावतो, मुलाचं अर्धं उत्तर मला पूर्ण करून सांगतो. कधी उलट, चिडून म्हणतो, ‘याला काही येत नाही.’ म्हणून आधी पंधरा मिनिटं त्याच्याबरोबर बसावं लागतं. आणि घरच्यांची परवानगी घेऊन मी आवाज मुद्रित करते. नंतर दुसऱ्या पावरी बोलणाऱ्याकडून ते ऐकून पुन्हा मराठीत करून घेते. एकदा असं दिसलं की माझा प्रश्न होता ‘का’ आणि मुलाला विचारलं गेलं होतं ‘कुठे’. त्यानं ‘कुठे’चं अगदी बरोबर उत्तर दिलं होतं.

यालाही मर्यादा आहे, ती लपवत नाही. दुसऱ्या फेरीतून आकडा मिळत नाही. पावरी मुलांची मानकं माझ्याकडे नाहीत, त्यामुळे ‘एकोणऐंशी’ हासुद्धा मराठी मुलांच्या फुटपट्टीवरचा एकोणऐंशी. मी खरं तर एवढंच म्हणू शकते की अडुसष्टवर विसंबू नका, आणि वर्षभरानं, नियमित शाळा झाल्यावर, पुन्हा बघू.

एक प्रश्न घेऊ. हां, मागच्या ओळीतल्या सरांनी विचारलंय, ते साक्रीकडे शिकवतात. ‘मॅडम, मग आम्ही मुलं तपासणीला पाठवूच नयेत का?’

पाठवा सर, जरूर पाठवा. पण ‘आकलन कमी’ एवढी एकच ओळ लिहून पाठवू नका. मुलगा घरी कुठली भाषा बोलतो ते लिहा. पटावरची नाही, प्रत्यक्ष हजेरी लिहा, गेल्या दोन वर्षांतले दिवस. जन्मतारीख १ जून असेल तर तसं कंसात लिहा आणि आईला विचारून खरा अंदाज लिहा. कानानं नीट ऐकतो का, फळ्यावरचं दिसतं का, हे आधी तपासून घ्या. अर्धी मुलं मला चष्म्याशिवाय भेटतात. मग त्याला काय येतं ते लिहा, शेळ्या मोजून आणतो का, बाजारातून उरलेले पैसे बरोबर परत आणतो का, निरोप सांगतो का. आणि बरोबर कुणाला पाठवताय ते बघा. ज्याला मुलाची भाषाही येते आणि मराठीही, असं माणूस पाठवा. सहावीतली बहीण चालेल, मी तिला खोलीत बसवून घेईन. फक्त तिची त्या दिवशीची शाळा बुडेल, तेवढी हजेरी तुम्ही लावा.